लॉन्ड्रीच्या माडीवरचे मामा

परवा लातूरला साडूच्या घरी वास्तुशांती होती. माझा कुर्ता नवा, सुती, तांदळाच्या पिठाच्या रंगाचा. जेवणानंतर चहा आला आणि भाच्याचं कोपर कपाला लागलं. अर्धा चहा टेबलक्लॉथवर, अर्धा माझ्या पोटावर. एवढंच घडलं. पुढचं सगळं मामांनी घडवलं.

हे साडूचे मामा. "जावईबापू, कामून घाबरायलाव? काढा तो कुर्ता. मी चोवीस वर्षं लॉन्ड्रीच्या माडीवर राहिलोय!"

नीट वाचा. लॉन्ड्री चालवली नाही, तिच्या माडीवर राहिले. मी रेल्वे स्टेशनसमोर राहतो, पण इंजिन चालवायला मला कुणी बोलावत नाही. तरी जावई माणूस, नाही म्हणवेना. भटजींच्या समोर मी बनियनवर आलो. बनियनला काखेत भोक होतं, हे घरी दिसत नाही, वास्तुशांतीला दिसतं.

मामांनी गीझरचं कडकडीत पाणी डागावर ओतलं. मग कपडे धुण्याची वडी घेतली आणि बाह्या वर करून असे भिडले, की मला कुर्त्यापेक्षा कापसाच्या शेतकऱ्याची दया आली. "दम लागतो याला, दम!" डाग फिका तर झाला नाहीच, पसरून परातीएवढा झाला. आत पिवळा, कडेला तपकिरी. "बघा, सुटायलाय," मामा म्हणाले. सुटत होता तो माझा धीर.

तिकडे मेहुणीनं गाजावाजा न करता टेबलक्लॉथ उचलला होता. कोरड्या फडक्यानं चहा टिपला, चोळला नाही. मग कापड उलटं केलं आणि डागाच्या मागच्या बाजूनं गार पाणी सोडलं, म्हणजे रंग जिकडून आत शिरला तिकडूनच बाहेर पडतो. नळ वाहता सोडला नव्हता, खाली बादली आणि वरून तांब्याची बारीक धार. ज्या लातूरनं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथली बाई डागासाठी नळ मोकळा सोडत नाही. मामांनी मात्र दोन बादल्या गरम पाणी गटाराला दिलं, तेही कुणाला खटकलं नाही. असो.

"दाजी, दुधाच्या चहाचा डाग म्हणजे दोन डाग असतात," ती नंतर म्हणाली. दुधातलं प्रथिन गरम पाण्यानं आळतं, उकडलेल्या अंड्यासारखं, आणि धाग्याला चिकटून बसतं. म्हणून आधी गार पाणी. चहापत्तीतल्या टॅनिनचं वेगळं, ते साबणाच्या वडीनं पक्कं व्हायला मदत होते. म्हणून वडीऐवजी पातळ डिटर्जंटचे चार थेंब, दहा मिनिटं, मग खळबळून काढायचं. कॉफीच्या डागालाही हीच वाट. मामांनी दोन्ही चुका केल्या, आणि तेही आत्मविश्वासानं.

तरीही टेबलक्लॉथवर फिकट सावली उरली होती. तिनं एक चमचा पांढरा व्हिनेगर दोन चमचे पाण्यात मिसळून त्यावर ठेवला, पंधरा मिनिटांनी धुतला. ओलं कापड उजेडासमोर धरून पाहिलं, डाग नाही. मगच मशीन. ही पाहणी गाळली की संपलं, कारण डाग उरलेला असताना कापड मशीनच्या गरम पाण्यात गेलं किंवा त्यावर इस्त्री फिरली, तर तो पुढे हटत नाही.

मी साडूचा दोन मापांनी मोठा शर्ट घालून घरी आलो. बायको हसली, ते तिचं लग्नातलं वचन असावं. कुर्ता अजून ओला होता, हे नशीब. आधी गार पाणी, डिटर्जंट, व्हिनेगर, सगळं करून पाहिलं. पिवळेपणा थोडा गेला, तपकिरी कड तशीच. मग कापडावरचं व्हिनेगर पूर्ण धुऊन काढलं (व्हिनेगर आणि साधी क्लोरीनवाली ब्लीच एकत्र आली की विषारी वायू निघतो, त्यामुळे ती बाटली मी हातातच घेतली नाही) आणि ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर आणली. ती आधी आतल्या शिवणीवर लावून पाहिली, रंग टिकला. मग पाकिटावर लिहिल्याइतकी कोमट पाण्यात, रात्रभर.

सकाळी कड अर्धी उरली होती. पुन्हा पाणी बदललं, पुन्हा भिजवला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय जावईबापू, निघाला का डाग?"

बादलीत पाहिलं. "निघायलाय, मामा."

"मग! चोवीस वर्षं उगीच राहिलो का माडीवर? पुढच्या महिन्यात बारशाला या, पांढराच घालून या."