निरोपाचा मेल, लिओंहून

“मावशी, शेवटच्या दिवशी अख्ख्या टीमला मेल कशाला? रिलीव्हिंग लेटर हातात आलं की विषय संपला. तुमच्या फ्रेंच लोकांना सगळ्याचाच देखावा लागतो.”

हिंजवडीतल्या भाच्याचं हे बोलणं मला अजून टोचतंय. त्याचं अर्धं खरं आहे. त्याच्याकडे येणारे निरोपाचे मेल इतके एका साच्यातले असतात की कोण चाललंय ते खालचं नाव वाचूनच कळतं. पण साचा वाईट म्हणून निरोपच नको? घरच्या ग्रुपवर आईनं तर “नोकरी गेली की काय?” असंच विचारलं. नाही गं आई, मीच सोडली, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पुरा करून.

इथला मेलही आखीवच असतो, फक्त त्या चौकटीत जिव्हाळा बसवावा लागतो. सुरुवात ‘बोंजूर आ तूत ए आ तूस’, म्हणजे सगळ्याजणींना आणि सगळ्यांना नमस्कार. एरवी कुणाला सलगीचं ‘तू’, कुणाला आदराचं ‘वू’ हे सांभाळावं लागतं. सगळ्यांना मिळून लिहिताना अनेकवचनी ‘वू’च, त्यामुळे तो पेच उरत नाही. मग एका वाक्यात जाण्याची तारीख. नाराजीचं कारण किंवा नव्या पगाराचा उल्लेख कुठेच नको. त्यानंतर आभार, आणि बहुतेकांचे मेल तिथेच पडतात. ‘समृद्ध करणाऱ्या वर्षांबद्दल धन्यवाद’ हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. मी लिहिलं, वर्षअखेरीचे हिशेब जुळत नव्हते त्या संध्याकाळी तुम्ही थांबलात आणि मला आजारी मुलीकडे घरी पाठवलंत. पुढे कोणती फाइल कुणाकडे दिली, माझा खासगी मेल, साडेपाचच्या ‘पो द देपार’चं, म्हणजे निरोपाच्या छोट्या पार्टीचं आमंत्रण, आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देणारं ‘बोन कोंतिन्युआसिओं’.

सहीच्या वरच्या शब्दावर मात्र खल झाला. नुसतं ‘कोर्दियालमाँ’, आपलं ‘सस्नेह’सारखं, पुरवठादाराला लिहितात तसं कोरडं वाटतं, ‘बीझ’ म्हणजे पापे, सगळ्या टीमला जास्तच सलगीचं. लेखा विभागातल्या अनुभवी बाईंनी त्याहून थोडं उबदार ‘बियाँ कोर्दियालमाँ’ सुचवलं आणि एक पक्की सूचना केली: जेवणाच्या सुट्टीआधी पाठव, संध्याकाळी मेलचं खातं बंद होतं आणि उत्तरं वाचायची राहतात. पत्ते गुप्त प्रतीत टाकायलाही त्यांनीच सांगितलं, नाहीतर ‘रिप्लाय ऑल’ दाबलेलं प्रत्येक उत्तर सगळ्यांना जातं. मी शेवटी ‘आमिकालमाँ’, म्हणजे मैत्रीपूर्वक, असं लिहिलं. माझ्यासमोर बसणाऱ्या तरुणाला ते जुनाट वाटलं. आमचं एकमत झालं नाही.

पुण्यात मी नोकरी सोडली असती तर संध्याकाळपर्यंत आत्याला, शेजारणीला, वाण्यालासुद्धा कळलं असतं. मेलची गरज नव्हती, हे भाच्याचं म्हणणं तिथे खरं आहे. इथे ऑफिस हाच माझा शेजार होता. रोज ज्यांच्याशी फक्त बोंजूर व्हायचं अशा एकानं उत्तरात मुलीची तब्येत विचारली, तेव्हा मी तिथे खरोखर कुणीतरी होते असं पहिल्यांदा वाटलं. देखावा म्हणणाऱ्याला हे कसं समजवायचं, मला अजून सुचलेलं नाही.