दुप्पट झालेला प्लॉट आणि हातात पडणारे पैसे

शहराच्या वेशीबाहेरचा मोकळा प्लॉट गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवावा, असा सल्ला देणारे लोक जवळजवळ नेहमी एकच हिशेब सांगतात : अमुक भावाने घेतला, दहा वर्षांत दुप्पट झाला. हा हिशेब खोटा नसतो, पण तो अर्धवट असतो आणि त्यावर विसंबून लोक आयुष्यभराची बचत जमिनीत घालतात, याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून उरलेला हिशेब इथे मांडतो आहे.

प्लॉटची किंमत १०० धरू. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने दरसाल साधारण ७.२ टक्के. परंतु खरेदीच्या दिवशी मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाकडून मालकीहक्काची तपासणी, मोजणी आणि दलाली यांचे मिळून ८ गेले आणि कुंपणाला ४ लागले, असे मानले, तर आपली गुंतवणूक पहिल्याच दिवशी ११२ झालेली असते. पुढे दरवर्षी जमिनीचा कर, योजनेची देखभाल वर्गणी आणि गवत काढणे यांसाठी १ लागतो. प्लॉटवर भाडे मिळत नाही, त्यामुळे हा १ दरवर्षी खिशातूनच भरावा लागतो. कर्ज काढून प्लॉट घेतला असेल तर व्याज वेगळे.

देखभालीचा खर्च किरकोळ वाटतो, म्हणून तो टाळला जातो, आणि तिथेच नुकसानीला सुरुवात होते. राहायला कोणी नसलेल्या जागेवर दोन पावसाळ्यांत गवत कमरेइतके वाढते, खुणेचे दगड त्यात दिसेनासे होतात किंवा शेजारचे बांधकाम चालू असताना उखडले जातात, आणि शेजाऱ्याची भिंत दोन हात आत आली तरी मालकाला पत्ता लागत नाही. अनेक देशांच्या कायद्यांत दीर्घकाळ विनाहरकत राहिलेल्या ताब्याला काही अटींवर मान्यता मिळते, त्यामुळे ‘कागद माझ्या नावावर आहेत’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेले नाही, तरी विक्रीच्या वेळी नवी मोजणी करावी लागते, थकलेली वर्गणी व्याजासह भरावी लागते आणि जिथे योजनेचे ना-हरकत पत्र लागते तिथे हस्तांतर शुल्कही द्यावे लागते.

यापेक्षा मोठा खर्च मात्र कोणत्याही पावतीवर दिसत नाही. दुप्पट झालेला भाव म्हणजे बहुधा विकासकाचा आजचा भाव असतो, आणि आपला प्लॉट विकताना आपली स्पर्धा त्याच विकासकाशी असते. त्याच्याकडे पुढच्या टप्प्यातले न विकलेले प्लॉट असतात, तो हप्ते बांधून देतो, जाहिरात करतो आणि जागा दाखवायला गाडी पाठवतो. शिवाय अशा भागात खरेदीला येणारेही बहुतेक गुंतवणूकदारच असतात, राहायला येणारे थोडे. त्यामुळे एकट्या विक्रेत्याला सूट द्यावी लागते किंवा थांबावे लागते, आणि बऱ्याचदा दोन्ही करावे लागते.

आता विक्री २०० ऐवजी १८५ ला झाली असे समजू. २ टक्के दलालीचे ३.७ गेले. करासाठी खरेदीचे ११२ वजा धरले गेले आणि वार्षिक खर्च मात्र धरला गेला नाही, असे मानले, तर उरलेल्या ६९.३ नफ्यावर १५ टक्के दराने सुमारे १०.४ कर बसतो. हातात १७०.९ पडतात. ११२ आधी आणि दरवर्षी १ नंतर घालून मिळालेल्या या रकमेचा परतावा दरसाल साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. त्याच भावाने विकायला आणखी दीड वर्ष लागले तर तो ३ टक्क्यांवर उतरतो. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतील, आपापले आकडे घालून पाहावेत, पण ७.२ आणि ३ यांच्यातली दरी कोणत्या बाबींमुळे पडते, हे त्यातून कळेल.

माझे मत असे की, जिथे स्वतः घर बांधून राहायचे आहे तिथे हे खर्च सोसण्यात अर्थ आहे, कारण तिथे परतावा घराच्या उपयोगातून मिळतो. निव्वळ विकण्यासाठी प्लॉट घ्यायचा असेल, तर विकासकाचे भावपत्रक बाजूला ठेवून त्याच योजनेत एका खासगी मालकाने दुसऱ्याला केलेली नोंदणीकृत विक्री शोधावी आणि ती किती भावाने झाली ते पाहावे. अशी विक्री सापडलीच नाही, तर तिथे फेरविक्रीचा बाजार अजून तयार झालेला नाही, असे समजावे. त्याचबरोबर त्या भागातल्या दोन-तीन दलालांकडे खरेदीची नव्हे, तर विक्रीची चौकशी करावी : असाच एक प्लॉट चार महिन्यांत विकायचा आहे, रोख गिऱ्हाईक किती देईल? ‘सध्या थांबा, भाव येईल’ असे उत्तर आले, तर आपणही विकायला जाऊ तेव्हा हेच ऐकावे लागेल असे धरून, त्या प्रतीक्षेची किंमत खरेदीच्या भावातून आधीच वजा करावी.