सावकाश होऊ द्या

गेल्या महिन्यात ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात कॅन्टीनचं नूतनीकरण झालं. दारावर तीन भाषांत पाटी लावायची होती. इंग्रजीत 'एन्जॉय युअर मील' आधीच ठरलं होतं आणि मराठीचं काम माझ्याकडे आलं, कारण मजल्यावर मराठीत मेल लिहिणारी मी एकटीच. नमुना म्हणून सोबत आलेली ओळ होती, 'आपल्या जेवणाचा आनंद घ्या'.

ती ओळ वाचल्यापासून मला खटकत होती. व्याकरण चोख आहे, पण कोणाच्याही तोंडी मी हे वाक्य ऐकलेलं नाही. मग मनात आलं, आपण नक्की काय म्हणतो?

आठवून बघा. लोकलमध्ये, बागेत, ऑफिसच्या टेबलावर कोणी डबा उघडून बसलंय आणि तुम्ही शेजारून जाताय. पहिल्यांदा कोण बोलतं? जेवणारा. तो म्हणतो, "या जेवायला." जाणारा थांबत नाही, हात जरा वर करून म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या." झालं. फ्रेंच माणूस समोरच्याला 'बोनापेती' म्हणतो, जर्मन 'गुटेन आपेटीट' म्हणतो. इंग्रजीकडे स्वतःचं असं काही नव्हतं, तिने फ्रेंचांचंच उचललं. या सगळ्यांत जेवणाऱ्याला काहीतरी मिळो अशी इच्छा आहे. आपल्याकडे आधी आमंत्रण येतं आणि मग 'माझ्यासाठी थांबू नका' असं उत्तर. शुभेच्छा अशी त्यात कुठेच नाही, आणि ती नसल्याचं कधी जाणवतही नाही.

'आनंद घ्या' का खटकतं, तेही मग उमगलं. जेवणाबाबत आपण आज्ञा भरपूर करतो. 'पोटभर जेवा', 'लाजू नका', 'अजून एक पोळी घ्या'. पण हे बोलणाऱ्याच्या हातात पळी किंवा पोळ्यांचा डबा असतो. वाढणाऱ्याला तो अधिकार आहे, कारण पोट भरलं नाही तर उणेपणा त्याच्याकडे येतो. ज्याने ना रांधलं ना वाढलं, त्याने 'आनंद घ्या' म्हटलं की ती कोरडी सूचना होते. उलट जेवून उठणारा 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. म्हणजे सदिच्छा आहेच, पण ती खाऊ घालणाऱ्यासाठी.

पंगतीत मात्र यजमानाचं एक ठरलेलं वाक्य असतं. पानं वाढून झाली, भातावर तूप पडलं, 'वदनी कवळ घेता' म्हणून झालं, की तो पंगतीतून हात जोडून फिरतो आणि म्हणतो, "सावकाश होऊ द्या, मंडळी." सावकाश म्हणजे अवकाशासह, सवडीने. पुढची पंगत उभी असली तरी तुमच्या पानावर घाई नाही, अशी ती हमी आहे. मी पाटीसाठी हेच लिहून दिलं.

त्याला मर्यादा आहे, तीही सांगते. हे वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना, अनेकांना शोभतं. मैत्रिणीला मी 'चालू दे तुझं' म्हणेन. आणि लहान मुलाला 'सावकाश जेव' म्हटलं तर तो इशाराच असतो: माशात काटे आहेत, नाहीतर ठसका लागेल.

वरून हरकत आली की जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, 'सावकाश' कसं लिहायचं? शेवटी 'आनंद घ्या'च लागलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. अर्ध्या तासात जेवणाऱ्या माणसाला तरी कोणीतरी 'घाई नाही' म्हणायला नको का?

रात्रीचंही तेच. 'शुभ रात्री' मी फक्त मोबाईलवर वाचते, चंद्राच्या चित्राखाली. आमच्या चरईतल्या घरात ते कोणी उच्चारत नाही. "चला, पडते मी" असं झोपणारा स्वतःच सांगतो. बाकीचे विचारतात, "दिवा मालवू?" "पांघरूण आहे ना?" 'शांत झोप' म्हणतो, पण आजाऱ्याला, किंवा दिवसभर रडून दमलेल्या पोरीला. रोज म्हटलं तर ती विचारेल, काय झालंय?

मार्चअखेरीच्या कामामुळे एका शुक्रवारी मला घरी यायला साडेअकरा वाजले. आईने भात गरम करून वाढला आणि समोर बसून राहिली. मी भराभर घास घेत होते, तर म्हणाली, "अगं, सावकाश." जेवून मी ताट उचलायला लागले तेव्हा तिने ते हातातून काढून घेतलं, खोलीतला पंखा एकने कमी केला आणि दार ओढताना म्हणाली, "कडी घातलीय मी. उद्या सावकाश ऊठ."