टोकन बकेटचे ते २०० : एका कमेंटला उत्तर

"दादा, लिमिट मिनिटाला १०० असताना तुमचं टोकन बकेट एका मिनिटात २०० रिक्वेस्ट सोडतं, हे तुम्हाला माहीत तरी आहे का? स्लायडिंग विंडो काउंटर घेतला असता तर प्रश्नच नव्हता. रेडिसमधल्या रेस कंडिशनवर एक ओळ नाही. असलं वाचून पोरं डिझाईन राउंडला उडतात."

रेट लिमिटरवरच्या माझ्या पोस्टखाली ही कमेंट आली. "माहीत तरी आहे का" वाचलं आणि हातातला चहा गार झाला. अहो, चूक दाखवा ना, पण जरा नीट बोलून दाखवा. "१०० च्या वर जाणारच नाही" असं मी लिहिलेलं, ते चुकलंच, काल रात्री ती ओळ बदलली. झालं समाधान?

आता ते २००. एक रिक्वेस्ट एक टोकन खाते. बकेटची साईझही १०० आणि रिफिलही मिनिटाला १०० ठेवलं म्हणून ते येतात. भरलेलं बकेट पहिल्याच सेकंदात कोणी रिकामं केलं, मग मिनिटभरात थेंब थेंब आणखी १०० टोकन पडले, तेही वापरले, की झाले २००. म्हणजे कुठल्याही मिनिटात जास्तीत जास्त किती, तर साईझ अधिक मिनिटाचं रिफिल. साईझ २० ठेवा, रिफिल ८०, आणि मग १०० च्या वर जाऊन दाखवा.

२० च का? हिंजवडीतल्या एका कंपनीत असताना मी स्वतः १० ठेवून हात पोळून घेतलेत. ॲपची होम स्क्रीन उघडली की एका दमात १२ कॉल जायचे, शेवटच्या दोघांना 429, आणि त्यातला एक नेमका बॅलन्सचा, म्हणजे युजरला बॅलन्सच्या जागी कोरं दिसायचं. सर्व्हरचे ग्राफ एकदम शांत आणि सपोर्टवाल्यांचे फोन थांबेनात. दोन दिवसांनी एका युजरचे लॉग वेळेनुसार लावले तेव्हा ते १२ एकाच सेकंदात दिसले. म्हणून आता मी इंटरव्ह्यूत डिझाईन राउंड घेतो तेव्हा पहिला प्रश्न हाच, की क्लायंट एका दमात किती कॉल मारतो? आणि सतत मारा करणाऱ्याला ८० च मिळणार, ही किंमत पोराने स्वतःहून सांगावी.

बरं, तुमचा काउंटर. मागच्या मिनिटातल्या रिक्वेस्ट मिनिटभर सारख्या पसरल्या होत्या असं तो धरून चालतो. समजा ८० आल्या, पण सगळ्या शेवटच्या १० सेकंदांत. नवीन मिनिटाचे १५ सेकंद झाले की मागच्या मिनिटातले ४५ सेकंदच विंडोत उरतात, म्हणून तो ८० चे ७५ टक्के, म्हणजे ६० मोजतो आणि आणखी ४० सोडतो. खरे शेवटचे ६० सेकंद मोजा, १२० भरतात. उलट त्याच ८० मिनिटाच्या सुरुवातीलाच आल्या असत्या तर खरा आकडा शून्य, तरी हा ६० धरून बसणार आणि चांगल्या युजरला अडवणार. "प्रश्नच नव्हता" म्हणे!

रेस कंडिशनचं म्हणाल तर टोकन वाचणं आणि कमी करणं एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये टाका, विषय संपला, त्याला वेगळी पोस्ट कशाला. आणि कोणती पोरं उडाली ते तुम्हालाच ठाऊक, माझ्याकडे अजून कोणी रडत आलेलं नाही.