पासवर्ड भक्कम असला तरी 8123 पोर्ट इंटरनेटवर उघडू नका

“होम असिस्टंटच्या हबला क्लाउड नाही म्हणून अडून बसू नका. राउटरमध्ये 8123 पोर्ट फॉरवर्ड करा, पासवर्ड भक्कम ठेवा आणि परदेशातूनही घर चालवा. भीती वाटली तर पोर्टचा नंबर बदला, मग कोणाला सापडणार नाही. व्हीपीएनने नेट संथ होतं, बॅटरी उतरते, ती कंपन्यांची भानगड आहे. आणि आपल्या घरातले दिवे लावून चोराला काय मिळणार?”

होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे आणि सेन्सर एका जागेवरून चालवणारी प्रणाली, वापरणाऱ्यांसाठीचा हा संदेश सोसायट्यांच्या गटांतून फिरत माझ्या सांगलीच्या काकांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो तंतोतंत अमलात आणला. त्यासाठी त्यांनी इंटरनेट कंपनीकडून महिन्याला जादा पैसे देऊन स्थिर आयपी पत्ताही घेतला. मी पुण्यात बसून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि पुढे :8123 टाकले, तेव्हा त्यांच्या हबचे प्रवेशपान माझ्यासमोर उघडले. पत्त्याच्या बाजूला “Not secure” असे लिहिलेले होते. काकांना विचारले तर ते म्हणाले, “अरे, हबवर रोज काहीतरी सूचना येतात, मी त्या पुसून टाकतो.” त्या सूचना अशा होत्या:

```
Login attempt or request with invalid authentication from ...
```

प्रत्येक ओळीच्या शेवटी अनोळखी पत्ता होता. काका पुसत होते त्या साध्या सूचना नव्हत्या, दार ढकलून पाहिल्याच्या खुणा होत्या.

आता पासवर्डाविषयी, कारण या संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे. पासवर्ड कितीही लांब असला तरी तो विचारणारा प्रोग्राम निर्दोष असेल तरच त्याचा उपयोग. मार्च २०२३ मध्ये होम असिस्टंटच्याच विकासकांनी CVE-2023-27482 ही त्रुटी जाहीर केली. ज्या हबमध्ये ‘सुपरवायझर’ हा भाग असतो, म्हणजे होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या बहुतेक सर्वच घरगुती हबमध्ये, बाहेरच्या माणसाला लॉगिन न करताच त्या सुपरवायझरपर्यंत पोहोचता येत होते. अ‍ॅड-ऑन बसवणे, बॅकअप काढणे ही सगळी कामे सुपरवायझरच करतो. या त्रुटीची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली होती आणि २०१७ मध्ये सुपरवायझर आला तेव्हापासून ती तिथेच होती. या काळात ज्यांचे 8123 पोर्ट इंटरनेटवर उघडे होते त्यांचा पासवर्ड आठ अक्षरांचा असो की चाळीस, काहीच फरक पडत नव्हता. ज्यांचा हब फक्त घरातल्या नेटवर्कवर होता, त्यांच्यापर्यंत पोहोचायला आधी घरात शिरावे लागत होते. ही त्रुटी दुरुस्त झाली आहे हे खरे, पण पुढची सापडेपर्यंत ती कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

दुसरे असे की 8123 वर मुळात साधे एचटीटीपी चालते. हॉटेलच्या वायफायवरून लॉगिन केले की तो भक्कम पासवर्ड न झाकता प्रवास करतो आणि वाटेत ऐकणाऱ्याला जसाच्या तसा वाचता येतो. “Not secure” चा अर्थ एवढाच आहे आणि तो गंभीर आहे.

पोर्टचा नंबर बदलण्यावर फार लिहीत नाही. एका पत्त्यावर एकूण ६५,५३५ पोर्ट असतात आणि ते सगळे तपासायला यंत्राला फार वेळ लागत नाही. चोराला काय मिळणार, याचे उत्तर काकांच्याच हबमध्ये होते: दाराचा सेन्सर आणि हालचालीची नोंद पाहिली की घर कोणत्या वारी, किती वाजता रिकामे असते हे दोन मिनिटांत कळते.

याला पर्याय बोगद्याचा, म्हणजे संदेशाने नाकारलेल्या व्हीपीएनचाच आहे, आणि काकांकडे तो तासाभरात उभा राहिला. त्यांच्या राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय होती. आधी 8123 चा फॉरवर्ड काढून टाकला, मग राउटरवर वायरगार्ड सुरू केला आणि काकांच्या मोबाइलसाठी किल्ल्यांची वेगळी जोडी बनवली. मोबाइलच्या वायरगार्ड अ‍ॅपमध्ये एवढेच भरावे लागले:

```
[Interface]
PrivateKey = (मोबाइलची खाजगी किल्ली)
Address = 10.8.0.2/32

[Peer]
PublicKey = (राउटरची सार्वजनिक किल्ली)
Endpoint = (घराचा स्थिर आयपी):51820
AllowedIPs = 192.168.47.10/32
```

इथेही एक पोर्ट उघडावा लागतोच, हे मान्य. पण 51820 वर वायरगार्ड ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पाकिटाला उत्तरच देत नाही. शोधणाऱ्या यंत्राला तिथे काही आहे याचाही पत्ता लागत नाही, मग प्रवेशपान दिसणे तर दूरच.

नेट संथ होण्याचा प्रश्न शेवटच्या ओळीने निकालात निघतो. 192.168.47.10 हा हबचा घरातला पत्ता आहे आणि फक्त त्याच पत्त्याची वाहतूक बोगद्यातून जाते. बाकी सगळे नेहमीच्या वाटेने चालू राहते. तिथे 0.0.0.0/0 लिहिले तर मात्र मोबाइलचे सगळे नेट सांगलीमार्गे फिरते आणि संथपणाची तक्रार खरी ठरते. बॅटरीचेही तसेच: काही पाठवायचे नसेल तेव्हा वायरगार्ड गप्प असतो, मात्र ठरावीक वेळाने रिकामे पाकीट पाठवत राहणारी PersistentKeepalive ही ओळ मोबाइलच्या बाजूला भरू नये.

तपासणी मोबाइल डेटावरच करावी, घरच्या वायफायवर सगळेच चालते. बोगदा बंद असताना हबचे पान उघडता कामा नये, चालू केल्यावर उघडले पाहिजे. अ‍ॅपमध्ये ‘latest handshake’ दिसतच नसेल आणि आलेला डेटा शून्यावर अडकला असेल तर किल्ली चुकली आहे, पत्ता चुकला आहे किंवा तुम्ही ज्या नेटवर्कवर आहात त्याने वायरगार्डला लागणारे यूडीपी अडवले आहे. हँडशेक ताजा दिसतो पण पान उघडत नाही, तेव्हा किल्ल्यांना हात लावू नये. AllowedIPs किंवा राउटरची फायरवॉल पाहावी.

बोगद्याचा मार्ग प्रत्येक घरी इतका सरळ नसतो, हे मला कबूल करावे लागेल. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. त्या पत्त्यावर बाहेरून ना 8123 पर्यंत पोहोचता येते ना 51820 पर्यंत. तेव्हा स्थिर आयपी तरी घ्यावा लागतो, नाहीतर भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड ठेवून घराने आतून त्याच्याशी जोडून घ्यावे लागते. घराच्या बाजूला PersistentKeepalive = 25 हवे, नाहीतर काही वेळाने कंपनीकडची वाट बंद होते आणि बाहेरून घर गाठता येत नाही. या मांडणीत सर्व्हरवर वाहतूक एकदा उलगडून पुन्हा झाकली जाते, म्हणून तो सर्व्हर आपल्याच ताब्यात असावा आणि हबवर एचटीटीपीएस चालू करावे.

काकूंच्या मोबाइलसाठी वेगळी जोडी आणि 10.8.0.3 हा वेगळा पत्ता दिला आहे. एकच किल्ली दोन मोबाइलमध्ये टाकली की दोघांची जोडणी एकमेकांना तोडत राहते. शिवाय उद्या एखादा मोबाइल हरवला तर राउटरवरची त्याचीच नोंद पुसायची, दुसऱ्याचा बोगदा चालू राहतो.