घड्याळाला वेगळा नंबर मिळतो म्हणे!

«सेल्युलर घड्याळ घेतलं की फोन घरी ठेवा. घड्याळाला स्वतःचा वेगळा नंबर मिळतो, सिम कुठल्याही कंपनीचं चालतं. अडकलंच तर घड्याळ रीसेट करून पुन्हा जोडा, झालं काम.»

सेल्युलर, म्हणजे स्वतःच मोबाइल नेटवर्क पकडणाऱ्या घड्याळाबद्दल असा सल्ला ऐकू येतो, पण तो बराचसा चुकीचा आहे. मी ॲपलच्या, आणि तेही स्वतःच्याच आयफोनला जोडलेल्या घड्याळापुरतंच बोलतो, कारण इंदुरात आमच्या मामांच्या मनगटावर तेच आहे.

आधी नंबराचं. घड्याळात ई-सिम असतं आणि नेटवर्कच्या लेखी त्याची ओळख फोनहून निराळी असते, पण ती बाहेर दिसत नाही. कंपनी फोनचाच नंबर दोन्हींवर वाजवते. मामा पिपलियापाला पार्कातून मामींना घड्याळावरून फोन लावतात, तेव्हा मामींना त्यांचा नेहमीचाच नंबर दिसतो. हा नंबर वाटून घ्यायचा असल्यामुळेच कुठलीही कंपनी चालत नाही. फोनची लाइन ज्या कंपनीची, तिचाच प्लॅन लागतो, आणि तिनं ही सोय द्यायला हवी. फोनमध्ये दोन सिम असली, तर प्लॅन नेमका कोणत्या लाइनवर घेतोय हे आधी बघा.

फोन घरी ठेवा, हे अर्धं खरं. फोन बंद असला तरी घड्याळावर कॉल येतात. साधे एसएमएस आणि इतर ॲप्सच्या सूचना मात्र फोन चालू आणि वाय-फायवर किंवा नेटवर्कवर असेल तरच पोचतात. मामा फोन बंद करून फिरायला गेले आणि बँकेच्या ओटीपीची वाट बघत बसले, तो येणारच नव्हता.

रीसेटचा सल्ला मात्र सगळ्यात महागात पडतो. रीसेटसाठी घड्याळ फोनपासून अनपेअर करताना, म्हणजे तोडताना, विचारलं जातं, प्लॅन ठेवायचा की काढायचा? तेच घड्याळ त्याच फोनला पुन्हा जोडायचं असेल तर ठेवायचा. मामांनी घाईत काढला. घड्याळातलं ई-सिम पुसलं गेलं, पण कंपनीच्या नोंदीत ते चालूच होतं. मग नव्यानं जोडायला गेलं की कंपनीचं पान म्हणे, प्लॅन आधीच सुरू आहे. तीन दिवस हेच. शेवटी कंपनीच्या माणसाला घड्याळाचा ईआयडी, म्हणजे त्यातल्या ई-सिमचा ओळख क्रमांक दिला (32 आकडी असतो, फोनवरच्या Watch ॲपमध्ये General मग About इथे सापडतो). त्यानं जुनी नोंद काढली, तेव्हा कुठे जोडलं गेलं. आणि हो, प्लॅन घड्याळातून काढला म्हणून बिल थांबत नाही, तेही कंपनीला वेगळं सांगावं लागतं.

घड्याळाचं मोबाइल नेटवर्क सुरू झालंय की नाही, हे घरात बसून कळत नाही. फोन जवळ असला की घड्याळ ब्लूटूथनं त्याच्याच आधारानं चालतं, नाहीतर ओळखीचं वाय-फाय शोधतं. मोबाइल नेटवर्कची पाळी त्यानंतर. मामा फोन चालू ठेवून, पण घरीच सोडून, कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीपर्यंत गेले आणि तिथून फोन लावला.