तीन गुण म्हणजे पानभर नव्हे

‘गुण जास्त असतील तर उत्तर लांब लिहायचं. तपासणारे ओळी बघूनच गुण देतात. कमी येत असेल तर पाल्हाळ लावा, पान भरा.’ असा सल्ला मुलांना दिला जातो.

कोल्हापुरात विज्ञानाच्या वर्कशीट तपासताना माझ्यासमोर ओळींची नव्हे, मुद्द्यांची यादी असते. ‘उन्हाळ्यात माठातले पाणी थंड राहते. कारण द्या. (3)’ या प्रश्नासाठी ती यादी अशी आहे: माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पृष्ठभागावर झिरपते, तेथे त्याचे बाष्पीभवन होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातून व आतल्या पाण्यातून घेतली गेल्याने पाणी थंड होते. प्रत्येक मुद्द्याला एक गुण आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने याच प्रश्नाला अकरा ओळी लिहिल्या होत्या. कुंभार गल्लीतून आणलेला माठ, फ्रीजच्या पाण्याने धरणारा घसा, मातीचा सुगंध असे सगळे त्यात आले होते. ‘छिद्रे’ हा शब्द तेवढा सापडला आणि तिथे एक खूण पडली. शेजारच्या मुलीच्या चार ओळींना तीन खुणा मिळाल्या, कारण तिने कारणांची साखळी मध्येच तोडली नव्हती.

कमी गुणांच्या प्रश्नातही पाल्हाळ तितकेच घातक आहे. हाच प्रश्न ‘कोणत्या प्रक्रियेमुळे पाणी थंड होते? (1)’ असा आला, तर ‘बाष्पीभवन’ एवढे पुरते. त्यापुढे ‘म्हणजे संघनन’ असे काही लिहिले, तर बरोबर शब्दावरही शंका येते. चार गुण दिले असतील, तर मात्र वरील तीन मुद्द्यांनंतर आणखी एक टप्पा अपेक्षित असतो, उदाहरणार्थ जुलैत आपल्याकडे झड लागली की हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते आणि तोच माठ तितका गार करत नाही. इथे गुण वाढल्याने उत्तराची खोली वाढली, लांबी तिच्या मागून आली.

वेळेचा हिशोबही हेच सांगतो. दहावीच्या विज्ञानाच्या 40 गुणांच्या पेपरला दोन तास मिळतात, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे, आणि त्यातच वाचन व विचारही आले. एक गुणाच्या प्रश्नावर सहा मिनिटे घालवणारा विद्यार्थी त्यातली तीन शेवटच्या मोठ्या प्रश्नातून उसनी घेतो.

गुणांइतके मुद्दे हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही खरे आहे. गणिती उदाहरणात गुण सूत्र, किंमती घालणे आणि एककासह उत्तर यांत वाटलेले असतात, त्यामुळे तिथे वाक्ये वाढवून काहीच मिळत नाही; आकृतीच्या प्रश्नात नावे दिलेली नसतील, तर सुबक आकृतीचेही गुण कापले जातात. म्हणून कंसातला आकडा वाचताना त्याच्या अलीकडचे क्रियापद वाचावे: ‘नाव लिहा’, ‘कारण द्या’ की ‘आकृती काढा’. मग लिहायला घेण्यापूर्वी, पेन्सिलने कडेला आकड्याइतके ठिपके मांडून प्रत्येक ठिपक्यासमोर एक शब्द लिहावा. माठाच्या प्रश्नाला ‘छिद्रे, बाष्पीभवन, उष्णता’.